केंद्रकाचं अस्तर उसवतं तेव्हा

पेशीच्या केंद्रकाभोवती दुहेरी पटलाचं आवरण असतं, हे शाळेच्या पुस्तकात येतं. त्या आवरणाला आतून एक अस्तर असतं, हे सहसा येत नाही. त्याचं नाव लॅमिना. लॅमिन या प्रथिनाचे जेमतेम साडेतीन नॅनोमीटर जाडीचे धागे एकमेकांत गुंतून ही जाळी बनते. केंद्रकाचा आकार आणि मजबुती तिच्यामुळे टिकते, आणि गुणसूत्रंही तिला ठिकठिकाणी धरून असतात.

पंचाईत होते ती पेशी विभागताना. गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिका केंद्रकाबाहेर असतात आणि गुणसूत्रं आत. यीस्टची पेशी आवरण न मोडता आतच सगळं उरकते. तिच्याकडे लॅमिनही नाहीत. आपल्या पेशींना मात्र दर विभाजनात केंद्रक उघडावं लागतं आणि त्याच्या जागी दोन नवी उभारावी लागतात.

एवढी चिवट जाळी सुटते कशी? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लॅरी गेरास आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी 1980मध्ये दाखवलं की ती नष्ट होत नाही, नुसती उसवते. विभाजन सुरू होताच लॅमिनवर फॉस्फेटचे गट चढतात आणि धाग्यांचे सुटे घटक पेशीभर पसरतात. पण फॉस्फेट हे उसवण्याचं कारण, की उसवल्याचा परिणाम? याचा निकाल 1990मध्ये हार्वर्डच्या रिबेका हील्ड आणि फ्रँक मॅकियॉन यांनी लावला. लॅमिन ए या प्रथिनात 22व्या आणि 392व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं. फॉस्फेट तिथे चिकटतो. त्यांनी त्या जागा अशा बदलल्या की फॉस्फेट चिकटूच शकणार नाही. हे लॅमिन ज्या पेशींत घातलं, त्यांच्यात विभाजनाची वेळ आली तरी जाळी सुटेना. हजारो अणूंच्या प्रथिनातल्या दोनच जागा, आणि केंद्रक उघडणं त्यांच्यावर अडलेलं! मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

तरीही नुसत्या रसायनावर सगळं सोडलेलं नाही. पूर्वी वाटायचं की सूक्ष्मनलिका टोचून आवरणाला भोकं पाडत असाव्यात. 2002मध्ये जिवंत पेशींच्या चित्रणातून वेगळंच दिसलं. डायनीन ही प्रथिनयंत्रं आवरणाला धरून सूक्ष्मनलिकांवरून तारककायाकडे चालू लागतात. त्यामुळे तारककायाजवळ आवरणाला चुण्या पडतात आणि पलीकडची बाजू ताणली जाते, उशीचा अभ्रा एकीकडे मुठीत गोळा करावा तशी. फॉस्फेटमुळे सैल होत चाललेली जाळी या ताणाखाली फाटते, आणि ते भोक झपाट्याने रुंदावतं. औषध देऊन सूक्ष्मनलिका काढून टाकल्या तरी आवरण मोडतं, पण उशिरा. म्हणजे ओढ नसली तरी काम अडत नाही, फक्त लांबतं.

मोडलेलं पटल पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जातं. गुणसूत्रं दोन टोकांना ओढली गेली की फॉस्फटेज विकरं चढवलेले फॉस्फेट उतरवू लागतात आणि दहाएक मिनिटांत नवं आवरण बसतं. इथे एक बारीक अडचण आहे. प्रत्येक गुणसूत्राभोवती वेगळं आवरण का बसत नाही? कारण बीएएफ नावाचं चिमुकलं प्रथिन शेजारशेजारच्या गुणसूत्रांच्या डीएनएला एकत्र बांधून ठेवतं. 2017मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ते काढून टाकलं, तेव्हा एका मोठ्या केंद्रकाऐवजी बरीच छोटी केंद्रकं तयार झाली. आवरणातून आरपार गेलेल्या सूक्ष्मनलिका कापून ती भोकं बुजवायला आणखी वेगळी प्रथिनं येतात. बरेचसे लॅमिन शेवटी, नव्या केंद्रकछिद्रांतून आत शिरून पुन्हा जाळी विणतात.

आता समजा, एक गुणसूत्र मागे रेंगाळलं आणि दोन टोकांच्या मध्येच अडकलं. तिथे सूक्ष्मनलिकांची दाटी असते. त्या गर्दीत पटल तर पोहोचतं, पण केंद्रकछिद्रांची प्रथिनं आणि लॅमिन बी पुरेशी पोहोचत नाहीत. त्या एकट्या गुणसूत्राभोवती जे सूक्ष्मकेंद्रक बनतं, त्याचं अस्तर विरळ राहतं आणि पुढे कधीतरी ते फुटतं. फुटल्याचं कळतं कसं? केंद्रकातच राहणारं चमकतं प्रथिन पेशीत आधीच घालून ठेवलेलं असतं. सूक्ष्मकेंद्रकातली त्याची चमक अचानक बाहेर पसरून विझते. बी गटातल्या लॅमिनचा पुरवठा वाढवला की असं फुटणं कमी होतं, हे 2013मध्ये दिसलं. म्हणजे दोष अस्तराचाच.

उघड्या पडलेल्या गुणसूत्राचे तुकडे होऊ शकतात, आणि पेशी ते जमेल त्या क्रमाने जोडते. काही कर्करोगांत एकाच गुणसूत्राचे असे डझनावारी तुकडे उलटसुलट जोडलेले असल्याचं 2011मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत आढळलं होतं. ते होतं कसं, हे तेव्हा कोडंच होतं. 2015मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी सूक्ष्मकेंद्रक फुटलेल्या एकेका पेशीचा जनुकक्रम वाचला, तेव्हा त्यांना अगदी तशीच मोडतोड सापडली, आणि तिला एकच विभाजन पुरलं होतं.