पगडीची कड, उपरण्याची चूण

आमच्या गावच्या वाचनालयात महात्मा फुल्यांचा प्लास्टरचा एक जुना अर्धपुतळा आहे. प्लास्टर भुसभुशीत होत चाललं, तेव्हा सगळ्या बाजूंनी फोटो काढून मी त्याचं त्रिमितीय मॉडेल तयार केलं. पुतळा 48 सेंटिमीटर उंच, खांद्यांपाशी 40 रुंद आणि 20 खोल. माझ्या थ्रीडी प्रिंटरचा बेड मात्र 22 बाय 22, आणि उंची 25 सेंटिमीटरपर्यंतच. म्हणजे पुतळा कापणं आलं.

मधोमध कापला असता तर उभा काप नाकावरून गेला असता आणि आडवा ओठांखालून. 2012 साली प्रिन्स्टनच्या लिन्जिए लुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चॉपर’ नावाची पद्धत मांडली. मोठं मॉडेल कुठे कापावं हे त्यात संगणकच शोधतो. तुकडे कमी व्हावेत, सांध्यात खुंट्यांना जागा मिळावी, नाजूक तुकडा सुटा पडू नये आणि सांधा नजरेत भरू नये, या सगळ्याचा हिशेब तो एकत्र करतो. मी हाच हिशेब हाताने केला. पगडीची कड हा शिल्पकाराने आयताच दिलेला सांधा. तिथे एक काप घेतला, दुसरा गळ्याशी. वर 12 सेंटिमीटरची पगडी, मध्ये 16 चा चेहरा, खाली 20 ची छाती. छाती रुंद, म्हणून तिचे उभे दोन भाग. हा काप मध्यापासून एक सेंटिमीटर सरकवला, म्हणजे तो उपरण्याच्या चुणीत लपला. एक तुकडा 19 चा झाला, दुसरा 21 चा.

आता खुंट्या. PrusaSlicer मध्ये 2023 पासून `Cut` करतानाच खुंट्या बसवता येतात. खुंटी तुकड्यालाच जोडून छापली, तर ती बाहेर आलेली राहते आणि कापलेली बाजू बेडवर सपाट टेकत नाही. शिवाय उभी छापलेली खुंटी आडव्या थरांची चळत असते. जरा तिरका जोर पडला की थरातून मोडते. म्हणून मी `Dowel` हा प्रकार घेतला: दोन्ही तुकड्यांना भोकं आणि खुंटी सुटी. सुटी खुंटी आडवी छापली की थर तिच्या लांबीने जातात. ती षटकोनी ठेवली, म्हणजे बेडवर सपाट बसते. जाडी 8 मिलिमीटर, लांबी 30, अर्धी इकडे अर्धी तिकडे. भोक किती सैल ठेवायचं हे मात्र पुस्तकातून कळत नाही. मी 8.2, 8.3 आणि 8.4 ची तीन भोकं एका छोट्या ठोकळ्यात छापून पाहिली. अंगठ्याच्या जोराने खुंटी आत गेली ती 8.3 मध्ये. प्रत्येक सांध्याला दोन खुंट्या, एकमेकींपासून होईल तितक्या लांब. एकच गोल खुंटी असती तर तुकडा तिच्याभोवती फिरला असता.

एवढं करूनही छातीचे दोन भाग जुळले नाहीत. खुंट्या कशाबशा आत गेल्या, पण उपरण्याची चूण सांध्यापाशी तुटल्यासारखी दिसत होती. नख फिरवलं तर चक्क पायरी लागत होती, साधारण मिलिमीटरभर. खुंट्या घासून मी संध्याकाळ घालवली. दोष खुंट्यांत नव्हताच.

मग 15 सेंटिमीटरचा एक चौरस छापला आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे हवेत, फरक 0.7 मिलिमीटरचा आला. म्हणजे प्रिंटरची चौकट काटकोनात नव्हती, आणि 15 सेंटिमीटरच्या अंतरात अर्धा मिलिमीटर तिरकेपणा येत होता. मग सांध्यात एक मिलिमीटर कुठून? दोन्ही भाग मी कापलेली बाजू खाली करून, आडवे छापले होते. तसं ठेवलं की दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा होतात. एकीचा तिरकेपणा उजवीकडे जातो, दुसरीचा डावीकडे, आणि समोरासमोर आणल्यावर चूक दुप्पट होते.

चौकटीचे स्क्रू सैल करून गुण्याने ती सरळ केली. तरीही दुसऱ्या खेपेला दोन्ही भाग पुतळ्यात असतात तसेच, उभे छापले. असं ठेवल्यावर उरलासुरला तिरकेपणा दोघांत एकाच दिशेने येतो. पुतळा केसभर कलतो, पण सांधा मिटतो. 21 चा तुकडा 22 च्या बेडवर जेमतेम मावला, कडेला पाच-पाच मिलिमीटर उरले. भोकं आता आडवी आली आणि आडव्या भोकाचं छत लोंबतं, म्हणून षटकोनाचा कोपरा वर फिरवून घेतला.

पगडी चेहऱ्यावर बसेना, ते वेगळ्याच कारणाने. बेडला टेकलेला पहिला थर दाबला जाऊन बाहेर पसरतो आणि भोकाचं तोंड अरुंद करतो. खुंटी तोंडाशीच अडते, आत मात्र जागा असते. कटरने भोकाच्या तोंडाची धार अर्धा मिलिमीटर तिरकी कापली आणि खुंटी सरळ आत गेली.

चारही तुकडे आधी कोरडेच जोडून पाहिले, मग इपॉक्सी लावून चिकटपट्टीने रात्रभर आवळून ठेवले. पगडीखालचा सांधा बोट लावल्याशिवाय सापडत नाही. उपरण्यातला सांधा खिडकीचा उजेड तिरका पडला की चुणीच्या तळाशी एक बारीक रेघ म्हणून दिसतो. तिथे अजून लांबी भरायची आहे.