क्रिएटिनचा डबा: किंमत नव्हे, डोस मोजा

हॉस्टेलवर राहून जिमला जाणाऱ्या मुलाचं क्रिएटिनचं बजेट महिन्याला तीनचारशे रुपयांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे दुकानात नजर आधी किमतीवर जाते, मग ‘इतक्या सर्व्हिंग’ या ठळक आकड्यावर. पण सर्व्हिंग केवढी, हे कंपनी ठरवते. स्नायूंना किती लागतं, हे मात्र ठरलेलं आहे: रोज साधारण 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट. म्हणून हिशेब 3 ग्रॅमचा धरावा. डब्याच्या किमतीला 3 ने गुणायचं आणि डब्यात खरोखर जेवढे ग्रॅम क्रिएटिन आहे, त्याने भागायचं.

समजा, समोर तीन डबे आहेत. पहिला बिनचवीचा, 250 ग्रॅम, 900 रुपये. एका डोसला पावणेअकरा-अकरा रुपये पडतात. दुसरा आंब्याच्या चवीचा, 300 ग्रॅम, 840 रुपये. वजन जास्त, किंमत कमी, म्हणजे स्वस्तच! पण मागचं लेबल वाचलं की कळतं, 6 ग्रॅमच्या स्कूपमध्ये क्रिएटिन 3 ग्रॅमच आहे. बाकी चव, रंग, आंबटपणा. एकूण 50 डोस, प्रत्येकी 16 रुपये 80 पैसे.

तिसऱ्यावर क्रिएटिन हायड्रोक्लोराइड, 60 सर्व्हिंग, 720 रुपये. सर्व्हिंगला 12 रुपये दिसतात. मात्र एक सर्व्हिंग 750 मिलिग्रॅमची आहे, म्हणजे डब्यात सगळं मिळून 45 ग्रॅम. 3 ग्रॅमचे पंधराच डोस. एक डोस 48 रुपयांना! हे पाण्यात चांगलं विरघळतं म्हणून कमी पुरतं, असा दावा असतो. विरघळतं, हे खरं. पण मोनोहायड्रेटही पोटातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, त्यामुळे स्नायूंना त्यातून जास्त काही मिळतं असं सिद्ध झालेलं नाही. ज्या लेबलवर क्रिएटिनचे ग्रॅम वेगळे न देता नुसतं ‘मिश्रण’ लिहिलंय, त्याचा हिशेबच मांडता येत नाही. तो डबा ठेवून द्यावा.

हिशेब घरी येऊनही बिघडतो. शीग लावून भरलेला स्कूप सहज पाच ग्रॅमचा होतो. मग 83 दिवसांचा डबा 50 दिवसांत संपतो. एकदा वजनकाट्यावर 3 ग्रॅम तोलून स्कूपमध्ये ते कुठवर येतं, ते पाहून ठेवावं. सुरुवातीला आठवडाभर रोज 20 ग्रॅम घेण्याचा सल्लाही जिममध्ये मिळतो. त्यात 140 ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून जास्त डबा जातो. रोज 3 ग्रॅम घेतलं तरी सुमारे चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात.

एकदम 900 रुपये जड जात असतील, तर 100 ग्रॅमच्या महागड्या डबीपेक्षा रूममेटबरोबर मोठा डबा अर्धा अर्धा घ्या. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका.