तीन बाक्या, एक संख्या

एक संख्या शोधायची आहे. तिला 8 ने भागलं तर बाकी 5 उरते, 9 ने भागलं तर 4 आणि 7 ने भागलं तर 1. ती संख्या कोणती? हे कोडं चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे. आर्यभटाच्या ग्रंथावर इ. स. 629 मध्ये पहिल्या भास्कराने भाष्य लिहिलं, त्यात ते येतं. हा भास्कर म्हणजे ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य नव्हेत. ते त्याच्यानंतर पाच शतकांनी झाले.

कागद-पेन्सिल घेऊन बसणारा बहुधा 1 पासून एकेक संख्या तपासू लागेल. या कोड्यात तेही जमतं, पण ते तिन्ही अटी एकदम सांभाळण्याचं काम आहे. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये ‘आर्यभटीया’च्या गणितपादात जो मार्ग दिला, तो वेगळा आहे. आधी दोनच अटी घ्यायच्या, त्यांची मिळून एक अट करायची आणि मग ती नवी अट तिसरीशी जोडायची.

पहिली अट पाळणाऱ्या संख्या सरळ लिहिता येतात: 5, 13, 21, 29... प्रत्येक वेळी 8 ची उडी. यांपैकी 9 ने भागल्यावर 4 उरणारी कोणती? 5 नाही, पण 13 चालते. पहिल्या दोन अटी 13 ने पुऱ्या केल्या. आता उडी किती घ्यायची, हा खरा प्रश्न. पुढची उडी अशी हवी की 8 ची बाकीही बिघडू नये आणि 9 चीही. म्हणजे ती दोघांच्या पटीत हवी, आणि अशी सर्वांत लहान उडी 72 ची. दोन अटींची मिळून एकच अट झाली: 72 ने भागल्यावर बाकी 13.

आता 13 पासून 72 च्या उड्या मारायच्या. 13 ला 7 ने भागलं तर 6 उरतात, चालत नाही. 13 अधिक 72 म्हणजे 85, आणि 85 ला 7 ने भागलं तर 1 उरतो. उत्तर मिळालं. पुढची उत्तरं 504 च्या अंतराने येतात: 589, 1093 आणि पुढेही तशीच. 504 हा 8, 9 आणि 7 यांचा गुणाकार आहे.

इथे उत्तर पटकन सापडलं. पण ते सापडेलच याची खात्री कशावरून? ती खात्री भाजकांच्या स्वभावात आहे. 8 आणि 9 या सहमूळ संख्या आहेत, म्हणजे 1 शिवाय दोघींचा सामाईक विभाजक नाही. 5 पासून 8 च्या उड्या मारत नऊ संख्या लिहिल्या, तर 9 ने भागल्यावर त्यांच्या बाक्या सगळ्या वेगवेगळ्या येतात. समजा, दोन संख्यांची बाकी सारखी आली. मग त्यांच्यातलं अंतर, म्हणजे 8 गुणिले उड्यांचा फरक, 9 ने पूर्ण भागलं जाईल. 8 कडे 9 चा एकही विभाजक नसल्यामुळे उड्यांचा फरकच 9 ने भागला जायला हवा, आणि नऊ उड्यांच्या आत ते शक्य नाही. नऊ संख्या, नऊ वेगळ्या बाक्या. म्हणजे 0 ते 8 मधली प्रत्येक बाकी नेमकी एकदाच येणार. म्हणून हवी ती बाकी नऊ प्रयत्नांच्या आत मिळते, आणि पुढच्या टप्प्यात सातांच्या आत.

भाजक सहमूळ नसतील, तर ही हमी जाते. 6 ने भागल्यावर 1 आणि 8 ने भागल्यावर 4 उरणारी संख्या शोधत कोणी कितीही उड्या मारल्या, तरी ती सापडणार नाही. पहिल्या अटीने संख्या विषम ठरते, दुसरीने सम.

भाजक लहान असेपर्यंत उड्या मोजणं ठीक आहे. इंटरनेटवरच्या गुप्त संदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीत हिशेब वेगाने व्हावा म्हणून तो दोन मूळ संख्यांनी स्वतंत्रपणे केला जातो आणि शेवटी दोन बाक्या अशाच जोडल्या जातात. त्या मूळ संख्या तीनशेहून जास्त अंकी असतात. तिथे एकेक उडी मोजणं कुठल्याही यंत्राला शक्य नाही. किती उड्या हव्यात, हे आधीच काढावं लागतं.

आर्यभटाने त्यासाठीही रीत दिली. पुढे तिला कुट्टक हे नाव पडलं. दुसऱ्या टप्प्यातलं उदाहरण घेऊ. 13 मध्ये 72 किती वेळा मिळवले तर 7 ने भागून 1 उरेल? आधी 72 चा असा जोडीदार शोधायचा, ज्याच्याशी गुणल्यावर 7 ने भागून 1 उरतो. 72 ला 7 ने भागलं तर बाकी 2. 7 ला 2 ने भागलं तर बाकी 1. इथे थांबायचं आणि उलट यायचं. 1 म्हणजे 7 वजा तीन वेळा 2, आणि 2 म्हणजे 72 वजा दहा वेळा 7. दोन्ही मिळवून 1 म्हणजे एकतीस वेळा 7 वजा तीन वेळा 72. (217 आणि 216, पडताळून पाहावं.) म्हणजे जोडीदार उणे 3, किंवा त्यात 7 मिळवून 4. बाकी 1 हवी आणि हातात 13 आहेत, म्हणजे फरक उणे 12. त्याला 4 ने गुणलं की उणे 48, आणि 7 च्या हिशेबात त्याचा अर्थ 1. एक उडी. तीनशे अंकी संख्यांनाही या रीतीने जास्तीत जास्त दीड हजारांच्या आसपास भागाकार पुरतात.

हेच पायथॉन भाषेत असं लिहिता येतं:

```python
def jod(atee):
    x, m = 0, 1
    for r, n in atee:
        k = (r - x) * pow(m, -1, n) % n
        x += m * k
        m *= n
    return x, m

print(jod([(5, 8), (4, 9), (1, 7)]))
```

उत्तर `(85, 504)` असं येतं. `x` ही आतापर्यंतच्या सगळ्या अटी पाळणारी संख्या, `m` ही उडीची लांबी आणि `k` म्हणजे उड्या किती. जोडीदार शोधण्याचं काम `pow(m, -1, n)` करतं. ही सोय पायथॉन 3.8 पासून आहे. भाजक सहमूळ नसतील तर तिथेच `ValueError` येते, आणि ती आलेली बरी. उड्या मोजणारा साधा लूप अशा वेळी उत्तरच नसेल तर मुकाट्याने अखंड फिरत राहिला असता.

दुसऱ्या भाषेत हा कोड नेताना दोन जागी घात होतो. सी आणि जावामध्ये ऋण संख्येची बाकीही ऋण येते, त्यामुळे `(r - x)` ऋण असेल तर बाकीत `n` मिळवून घ्यावा लागतो. आणि `m` प्रत्येक फेरीत गुणाकाराने वाढतो. 64 बिटांची जागा तो लवकर ओलांडतो, मग सूचना न देता चुकीचं उत्तर हाती पडतं. म्हणून आलेल्या संख्येला शेवटी प्रत्येक भाजकाने भागून बाक्या तपासाव्यात. हा पडताळा एका ओळीचा आहे आणि तो दोन्ही चुका पकडतो.

जगभर या सिद्धांताला चिनी बाकी सिद्धांत म्हणतात, कारण सुन्झीच्या गणितग्रंथात तिसऱ्या ते पाचव्या शतकादरम्यान असंच कोडं आलं आहे: 3 ने भागून 2, 5 ने भागून 3, 7 ने भागून 2. सुन्झी टप्पे करत नाही. तो 70, 21 आणि 15 या तीन संख्यांना त्या त्या बाकीने गुणतो, बेरीज 233 करतो आणि त्यातून 210 वजा करतो. ही रीत सुबक आहे. पण त्या तीन संख्या काढायला सगळे भाजक आधीच माहीत हवेत आणि चौथी अट आली की त्या नव्याने काढाव्या लागतात. आर्यभटाच्या रीतीत आधीचं काम वाया जात नाही, पुढची अट फक्त जोडली जाते.

वाचकांनी वरच्या कोडमध्ये सुन्झीच्या अटी घालून पाहाव्यात. पहिल्या दोन अटींनंतर `x` 8 असतो आणि `m` 15. तिसरीनंतर `(23, 105)` हे उत्तर येतं.