टायरला फुगा का येतो?

पावसाळ्यात खोपटहून घोडबंदर रोडकडे निघालं की पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. धाडकन आवाज येतो, गाडी पुढे जाते, आणि काही दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो.

गैरसमज: रबर ढिलं पडलंय, आतून पॅच मारला की झालं.

वस्तुस्थिती अशी की हवेचा दाब एकटं रबर पेलतच नाही. तो पेलतो कारकस प्लाय, म्हणजे रबरात बुडवलेल्या पॉलिएस्टर दोऱ्यांचा थर. रेडियल टायरमध्ये हे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. दोन्ही कडांना पोलादी तारांचं कडं असतं, ते बीड. प्लाय या कड्याला वळसा घालून वर दुमडलेला असतो. बीड रिमवर घट्ट बसतं, म्हणून दाबाखाली टायर रिमवरून सुटत नाही.

खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात टायरची बाजू चिमटली की तिथले काही दोरे तुटतात. बाहेरचं रबर शाबूत, आतलं अस्तरही शाबूत, म्हणून हवा जात नाही. पण ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब, तेवढ्या जागी नुसत्या रबरावर येतो आणि ते बाहेर येतं. पॅच भोक बुजवतो, दोरे जोडत नाही. असा टायर काढून स्टेपनी लावायची, दुसरा इलाज नाही.

‘पण माझा टायर स्टील रेडियल आहे!’ असेल, पण ते स्टील बहुतेक ट्रेडखाली असतं. तिथे पोलादी दोऱ्यांचे दोन पट्टे एकमेकांना तिरके छेदतात, ते बेल्ट. बाजूच्या भिंतीत कारला बहुधा पॉलिएस्टरच. खात्री करायची तर टायरवरच वाचा: ट्रेडपुढे स्टील लिहिलेलं दिसेल, साइडवॉलपुढे फक्त पॉलिएस्टर. ट्रक-बसच्या ऑल-स्टील रेडियलमध्ये मात्र प्लायही पोलादी असतो.

ट्यूबलेस म्हणजे ट्यूब काढून टाकलेला साधा टायर, हाही समज खोटा. आतल्या बाजूला ब्युटाइल जातीच्या रबराचं पातळ अस्तर, म्हणजे इनर लायनर, चिकटवलेलं असतं. नैसर्गिक रबरातून हवा झिरपते त्यापेक्षा यातून फारच कमी झिरपते.

आता उलटी चूक. बाजूच्या भिंतीवर रिमपासून ट्रेडकडे जाणारी उथळ खाच दिसली की लोक घाबरून टायर बदलतात. टायर बनवताना प्लायचं कापड ड्रमभोवती गुंडाळून टोकं एकावर एक चढवतात. त्या पट्टीत दोरे दुप्पट असल्याने ती कमी ताणली जाते, म्हणून हवा भरल्यावर थोडी आत राहते. ती निर्धोक. भरलेल्या टायरवर अंगठा फिरवा: आत गेलेलं असेल तर सहसा तो जोड, बाहेर आलेलं असेल तर तुटलेले दोरे.