साखळीतले टक्के आणि प्रत्यक्ष हिस्सा

बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट ही पुण्याजवळ आकुर्डीत नोंदलेली कंपनी. ती स्वतः स्कूटर बनवत नाही की कर्जं देत नाही. तिची मुख्य मालमत्ता म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर. २००७-०८ मध्ये जुन्या बजाज ऑटोचं विभाजन झालं, तेव्हा मूळ कंपनी गुंतवणुका सांभाळणारी झाली आणि वाहनं व वित्तसेवा या दोन वेगळ्या कंपन्यांत गेल्या. आज या समूहाची रचना कागदावर काढायला घेतली तर चौकोन आणि बाण यांचा एक नकाशा तयार होतो. चौकोन म्हणजे कंपनी, बाण म्हणजे मालकी आणि बाणावरचा आकडा म्हणजे टक्केवारी. असा नकाशा वाचायचा कसा आणि त्यातले आकडे बरोबर आहेत हे ताडायचं कसं, ते याच समूहावर पाहू. आकडे मार्च २०२५ च्या सुमाराचे आहेत आणि हिशेब सोपा राहावा म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्णांकात घेतले आहेत.

एक सरळ साखळी घेऊ. बजाज होल्डिंग्जकडे बजाज फिनसर्वचे सुमारे ३९ टक्के शेअर आहेत. फिनसर्वकडे बजाज फायनान्सचे सुमारे ५१ टक्के, आणि बजाज फायनान्सकडे बजाज हाउसिंग फायनान्सचे ८८.७५ टक्के. हाउसिंग फायनान्स आधी पूर्णपणे बजाज फायनान्सच्या मालकीची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती शेअरबाजारात नोंदली गेली आणि उरलेले ११.२५ टक्के बाहेरच्या भागधारकांकडे गेले.

आता हाउसिंग फायनान्सने १०० रुपये नफा कमावला, तर त्यातले किती रुपये बजाज होल्डिंग्जच्या वाट्याचे? ८८.७५ रुपये बजाज फायनान्सचे. त्याच्या ५१ टक्के, म्हणजे ४५.२६ रुपये फिनसर्वचे. त्याच्या ३९ टक्के, म्हणजे १७.६५ रुपये होल्डिंग्जचे. टक्के इथे एकमेकांना गुणले जातात, कारण प्रत्येक पायरीवर आपण आधीच्या हिश्शाचा हिस्सा काढत असतो. यावरून चुकीचा पहिला ठोकताळा मिळतो: एका साखळीतला परिणामी हिस्सा त्या साखळीतल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा मोठा कधीच असू शकत नाही. इथे लहानात लहान आकडा ३९ आहे. उत्तर ४५ किंवा ६० आलं, तर कुणीतरी टक्क्यांची सरासरी काढली आहे किंवा बेरीज केली आहे.

दुसरा पडताळा मला जास्त आवडतो, कारण तो फक्त आपल्या नव्हे तर सगळ्यांच्या वाट्याचा हिशेब मागतो. हाउसिंग फायनान्सच्या १०० रुपयांचे मालक कोण कोण? होल्डिंग्जचे १७.६५. फिनसर्वच्या इतर भागधारकांचे, म्हणजे ६१ टक्केवाल्यांचे, २७.६१. बजाज फायनान्सच्या इतर ४९ टक्केवाल्यांचे ४३.४९. आणि थेट हाउसिंग फायनान्सचे शेअर घेणाऱ्यांचे ११.२५. बेरीज बरोबर १००. प्रत्येक पायरीवर ‘इतर’ नावाचा एक चौकोन काढला, की हा पडताळा आपोआप घेता येतो. नकाशा काढणारे बरेचदा तो चौकोन गाळतात, आणि मग चूक लपते.

आता त्या ४५.२६ आकड्याकडे परत जाऊ. फिनसर्वचा हाउसिंग फायनान्समधला परिणामी हिस्सा निम्म्याहून कमी आहे. तरीही हाउसिंग फायनान्स ही फिनसर्वची उपकंपनीच आहे. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या व्याख्येनुसार संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असेल, किंवा निम्म्याहून अधिक मतदानाचा हक्क स्वतःकडे अथवा आपल्या उपकंपन्यांसह मिळून असेल, तर ती कंपनी उपकंपनी ठरते. फिनसर्वकडे बजाज फायनान्सची ५१ टक्के मतं आहेत, म्हणून ती तिची उपकंपनी. त्या उपकंपनीकडे हाउसिंग फायनान्सची ८८.७५ टक्के मतं आहेत, आणि ती सगळीच्या सगळी फिनसर्वच्या खात्यात धरली जातात. मतं गुणली जात नाहीत. प्रत्येक पायरीवर फक्त ताबा आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. नफ्याचा वाटा मात्र गुणाकारानेच निघतो.

म्हणूनच फिनसर्वच्या एकत्रित ताळेबंदात हाउसिंग फायनान्सने दिलेली घरकर्जं शंभर टक्के दिसतात, ४५ टक्के नव्हे. नफाही आधी पूर्ण दाखवला जातो आणि त्यातला १०० पैकी ५४.७४ रुपयांचा भाग इतर भागधारकांचा म्हणून वेगळ्या ओळीत दाखवला जातो. फिनसर्वचा शेअर घेणाऱ्याने नफ्याचा वरचा मोठा आकडा पाहून थांबू नये, ती ओळ जरूर वाचावी. बजाज होल्डिंग्जच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे फिनसर्वचे ३९ च टक्के असल्याने ती फिनसर्वला उपकंपनी नव्हे तर सहयोगी कंपनी म्हणून दाखवते, आणि नफ्यातला फक्त आपला वाटा एका ओळीत धरते. नकाशात दोन्ही बाण सारखेच दिसतात, हिशेबाची पद्धत मात्र पार निराळी असते.

वरच्या साखळीत मी एक कंपनी मुद्दाम वगळली होती: महाराष्ट्र स्कूटर्स. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून उभारलेली ही कंपनी. महामंडळाच्या २७ टक्क्यांच्या किमतीवरून बरीच वर्षं न्यायालयीन वाद चालला आणि २०१९ मध्ये तो हिस्सा बजाज होल्डिंग्जने घेतला. त्यामुळे होल्डिंग्जचे २४ टक्के ५१ झाले आणि महाराष्ट्र स्कूटर्स तिची उपकंपनी झाली. या कंपनीकडे फिनसर्वचेही दोन-सव्वादोन टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत. म्हणजे होल्डिंग्जपासून फिनसर्वपर्यंत जायला दोन वाटा आहेत. एक थेट, ३९ टक्क्यांची. दुसरी महाराष्ट्र स्कूटर्समधून: ५१ टक्के गुणिले २.३ टक्के, म्हणजे जवळपास १.२ टक्के. एकाच वाटेवरचे आकडे गुणायचे, आणि वेगवेगळ्या वाटांची उत्तरं मग बेरजेत घ्यायची. होल्डिंग्जचा खरा हिस्सा अशा रीतीने ४० टक्क्यांच्या थोडा वर जातो. दुसरी वाट सुटली तरी ‘इतर’ भागधारकांत ती मिसळून जाते आणि बेरीज शंभरच येते. वरचा पडताळा ही चूक पकडू शकत नाही. ती पकडायची तर प्रत्येक कंपनीच्या शेअरधारकांच्या यादीत समूहातलं दुसरं कुणी आहे का, हे नावागणिक पाहावं लागतं.

महाराष्ट्र स्कूटर्सच्या पुढे आणखी एक पेच आहे. तिच्याकडे खुद्द बजाज होल्डिंग्जचेच सुमारे ३ टक्के शेअर आहेत. बाण फिरून मूळ चौकोनाकडे येतो. समजा, एखाद्याकडे होल्डिंग्जचे थेट १० टक्के शेअर आहेत. होल्डिंग्जच्या १०० रुपयांतले ३ रुपये महाराष्ट्र स्कूटर्सकडे जातात, त्यातले ५१ टक्के, म्हणजे १.५३ रुपये, परत होल्डिंग्जकडे येतात, त्यांतले १० टक्के पुन्हा या माणसाचे, आणि फेरा असाच चालू राहतो. प्रत्येक फेरीत रक्कम आटत जाते, त्यामुळे बेरीज एका आकड्यावर स्थिरावते: १० भागिले ०.९८४७, म्हणजे सुमारे १०.१६ टक्के. समूहाबाहेरच्या सगळ्या थेट भागधारकांचे ९७ टक्के याच भागाकाराने ९८.५१ होतात, आणि महाराष्ट्र स्कूटर्सच्या इतर भागधारकांचे ३ च्या ४९ टक्के, म्हणजे १.४७, ते १.४९ होतात. दोन्ही मिळून पुन्हा १००.

गोल फिरणाऱ्या अशा शेअरांबाबत कंपनी कायद्याचं कलम १९ कडक आहे: उपकंपनीने आपल्या होल्डिंग कंपनीचे शेअर धरू नयेत, हा तिथला नियम. उपकंपनी होण्याआधीपासून शेअर असतील तर ठेवता येतात, पण त्यांवर मत देता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी बाणाशेजारी दोन आकडे लिहिणं योग्य: नफ्याच्या हिशेबासाठी ३, आणि मतांच्या हिशेबासाठी शून्य.