ठिणगीविना पेटणारं डिझेल

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये नुसती हवा ओढली जाते, पिस्टन ती दाबतो आणि ऐन वेळी नोझल तिच्यात डिझेलचा फवारा सोडतं. फवारा आपोआप पेटतो. त्याला पेटायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पुरतं. दाबलेली हवा त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. तिला बाहेरून कुणी उष्णता दिलेली नसते. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जसा जास्त वेगाने परततो, तसे वर सरकणाऱ्या पिस्टनवर आदळलेले रेणू वेगवान होतात, आणि रेणूंचा वाढलेला वेग म्हणजेच वाढलेलं तापमान.

मिनिटाला 1500 फेऱ्यांवर हा दाबण्याचा टप्पा एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतो. तेवढ्यात भिंतींतून फारशी उष्णता निसटत नाही, म्हणून ही क्रिया जवळपास रुद्धोष्म. तरी पिस्टनचा वेग ध्वनीच्या मानाने किरकोळच, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा राहतो आणि सोडल्यास हवा तेवढंच काम परत देईल, असं आदर्श हिशेबापुरतं धरता येतं.

तापमान किती चढेल, हे गॅमा ठरवतो. दाब स्थिर ठेवून वायू एक अंश तापवायला लागणारी उष्णता भागिले आकारमान स्थिर ठेवून लागणारी, हे ते गुणोत्तर. हवेसाठी ते 1.4 आहे.

T₂ = T₁ (V₁/V₂)^(γ−1)

समजा, 27 अंशांची, म्हणजे 300 केल्विनची एक लिटर हवा अठरापट दाबली. 18 चा 0.4 वा घात सुमारे 3.18. म्हणून तापमान 953 केल्विन, म्हणजे 680 अंश सेल्सिअस. (इथे 300 ऐवजी 27 घातले, तर उत्तर 86 येतं आणि डिझेल पेटायचं नावच घेत नाही! केल्विनच हवेत.)

कामही यातूनच निघतं. उष्णता आतबाहेर झाली नाही, तर केलेलं सगळं काम वायूच्या ऊर्जेत जमा होतं:

W = (P₂V₂ − P₁V₁)/(γ−1)

सुरुवातीचा दाब 100 किलोपास्कल धरला, तर P₁V₁ होतो 100 ज्यूल. तापमानाच्या प्रमाणात तो 318 वर जातो; फरक 218, भागिले 0.4, म्हणजे सुमारे 545 ज्यूल. हीच हवा सावकाश, थंड ठेवत दाबली असती, तर 289 ज्यूलमध्ये भागलं असतं. तापणारी हवा जास्त नेटाने उलट रेटते, म्हणून हा फरक.

हवेऐवजी आर्गॉन घेतला, तर त्याचा गॅमा 1.67, तापमान थेट दोन हजार केल्विनपलीकडे जाईल. त्याचे रेणू एकेका अणूचे, त्यामुळे ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात वाटली जात नाही. हवेचाही गॅमा तापल्यावर थोडा उतरतो, म्हणून 680 हा आकडा खऱ्या इंजिनात गाठला जात नाही.

कडाक्याच्या थंडीत तर हिशेब आणखी बिघडतो. स्टार्टर इंजिन हळू फिरवतो, गार भिंती उष्णता शोषतात, झिजलेल्या रिंगांमधून हवा निसटते. मग फवारा न पेटताच सायलेन्सरमधून पांढऱ्या धुरासारखा बाहेर पडतो. अशा वेळी बऱ्याच इंजिनांत आधी हीटर प्लग तापवून घ्यावा लागतो.