‘करीन नाही’ का चालत नाही?

‘मी अभ्यास करीन.’ आता हेच वाक्य उलटं करायचंय, म्हणजे नकारी. ‘नाही’ लावला की झालं, नाही का? लावून बघा: ‘मी अभ्यास करीन नाही.’ कानाला लगेच खटकतं. तुमच्या घरातलं चार वर्षांचं शेंबडं पोरसुद्धा असं म्हणत नाही. ते सरळ सांगतं, ‘मी करणार नाही!’ आणि पाय आपटतं.

म्हणजे ‘करीन’ गेला आणि त्याच्या जागी ‘करणार’ आला. हे त्या पोराला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मग ‘करीन’ला ‘नाही’चं एवढं वावडं का?

उत्तर ‘नाही’च्या पोटात आहे. ‘नाही’ हा एकसंध शब्द वाटतो, पण त्यात दोघं बसलेत: ‘न’ आणि ‘आहे’. म्हणून तर ‘तू आहेस’ला ‘तू नाहीस’ आणि ‘ते आहेत’ला ‘ते नाहीत’ असा जोडीदार मिळतो. ‘आहे’ची शेपटी ‘नाही’लाही तशीच फुटते. मग एक गंमत करून बघता येते. ‘नाही’ बसेल की नाही अशी शंका आली, तर आधी तिथे ‘आहे’ बसवून बघायचं. ‘मी करणार आहे’ चालतं, म्हणून ‘मी करणार नाही’ चालतं. ‘मी करीन आहे’ असं कुणी म्हणतं का? नाही ना? मग ‘करीन नाही’ही बाद!

ही चाचणी भविष्यकाळापुरतीच वापरा हं. वर्तमानकाळात ती फसवते. ‘मी येतो आहे’ चालतं, पण ‘मी येतो नाही’ चालत नाही. तिथे ‘येत नाही’ म्हणावं लागतं.

‘करीन’सारख्या रूपांना मागे ‘आहे’ का नको असतं? कारण काळ आणि माणूस दोन्ही त्यांच्या शेवटातच भरलेले असतात. नुसतं ‘येशील’ म्हटलं तरी ‘तू’ कळतो. ‘याल’ म्हटलं की ‘तुम्ही’. ‘येतील’ म्हटलं की ‘ते’. हे शेवट आले कुठून, तेही ऐका. जुन्या मराठीत ‘तो करी’ म्हणजे ‘तो करतो’, ‘तू करिशी’ म्हणजे ‘तू करतोस’ आणि ‘ते करिती’ म्हणजे ‘ते करतात’. अभंग-ओव्यांमध्ये ही रूपं अजून भेटतात. त्यांच्या मागे एक ‘ल’ येऊन चिकटला आणि करील, करशील, करतील तयार झाले. ‘मी’च्या वाट्याला मात्र ‘ल’ऐवजी ‘न’ आला: करीन. आणि ‘आम्ही’ला काहीच मिळालं नाही, तो बिचारा नुसत्या ‘करू’वर भागवतो.

आणखी एक मजा: या रूपांना मुलगा-मुलगी कळतच नाही. ‘तो जातो’, ‘ती जाते’, पण उद्या मात्र तोही ‘जाईल’ आणि तीही ‘जाईल’.

आता कामाला लागू. खाली सहलीवरचा एक परिच्छेद आहे. मी त्यात मुद्दाम चुका पेरल्यात. पेन्सिल घ्या.

‘उद्या आमची सहल सिंहगडावर जाईल. मी पहाटे उठीन. मी उशीर करीन नाही. बाई सगळ्यांना मोजतिल. तू येशील ना? तुझे मित्र येणार नाही, असं ताई म्हणाली. बाबा उद्या घरी नाही, म्हणून आई मला सोडेल. गडावर आम्ही पिठलं-भाकरी खाऊ. कुणी कचरा टाकणार नको. तुम्ही सगळे खूप मजा करशील!’

पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्यात ‘उठीन’ आहे. जुना नियम असा की ज्या क्रियापदाला कर्म लागतं त्याला ‘ई’ (करीन, लिहीन) आणि ज्याला लागत नाही त्याला ‘ए’ (बसेन, उठेन); जा, ये यांसारखी क्रियापदं मात्र याला अपवाद. बोलीत ‘उठीन’ ऐकू येतं, पण वहीत ‘उठेन’ लिहा. आता मग तुम्ही विचाराल, ‘सोडेल’चं काय? आई कुणाला तरी सोडते, म्हणजे कर्म आहे, म्हणजे ‘सोडील’ हवं! बरोबर पकडलंत. पण हल्ली ‘करेन’, ‘सोडेल’ इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणं म्हणजे उगाच काथ्याकूट. माझं म्हणणं इतकंच, की एका परिच्छेदात एकदा ‘करीन’ आणि पुढच्याच ओळीत ‘करेन’ असं करू नका.

‘करीन नाही’चा निकाल आपण आधीच लावलाय: ‘करणार नाही’. ‘मोजतिल’मध्ये चूक फक्त वेलांटीची. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काही नाही, म्हणून त्याच्या आधीची वेलांटी दीर्घ: मोजतील. करशील, येईल, जाईन यांनाही हेच लागू.

‘येशील ना?’ इथे पुष्कळजण पेन्सिल उगारतात. थांबा! हा ‘ना’ नकाराचा नाहीच. तो लाडीगोडीचा आहे, ‘हो म्हण’ असं सुचवणारा. त्याला हात लावू नका.

‘तुझे मित्र येणार नाही.’ चाचणी लावा: मित्र येणार आहे की आहेत? आहेत. मग ‘येणार नाहीत’. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण बोलताना शेवटचा ‘त’ आपण गिळून टाकतो.

‘बाबा उद्या घरी नाही.’ बाबा एकच असले तरी आदराने ‘बाबा आहेत’ म्हणतो, म्हणून निदान ‘नाहीत’ तरी हवं. पण गोष्ट उद्याची आहे, तेव्हा ‘नसतील’ जास्त चांगलं. बघा, इथे ‘न’ थेट भविष्यकाळाच्या रूपालाच जोडला गेला: असतील, नसतील. करील, येईल, जाईल यांना असा ‘न’ चिकटत नाही; ‘असेल’ला चिकटतो. म्हणूनच ‘तो येणार नसेल तर मीही जाणार नाही’ असं रुसता येतं.

‘टाकणार नको’ ही भलतीच खिचडी. ‘नको’ला आधी ‘करू’, ‘टाकू’सारखं रूप लागतं: ‘टाकू नकोस’, ‘टाकू नका’. इथे ‘कुणी’ आहे, समोर कुणी एक माणूस नाही, म्हणून ‘कुणी कचरा टाकू नये’. आणि शेवटी ‘तुम्ही’ला ‘तू’चा शेवट लागलाय. ‘तुम्ही मजा कराल’ हवं.

‘खाऊ’ मात्र अगदी बरोबर आहे. पण तो उलटा करून बघा: ‘आम्ही पिठलं-भाकरी खाणार नाही.’ चाचणीप्रमाणे ‘आम्ही खाणार आहोत’, मग ‘नाहोत’ का नाही? कारण ‘आम्ही’साठी ‘नाही’ने वेगळी शेपटी ठेवलीच नाही; ‘मी नाही’ तसंच ‘आम्ही नाही’. ‘तुम्ही’चं तर अजून भांडणच चालू आहे: कुणी ‘तुम्ही येणार नाही’ म्हणतं, कुणी ‘तुम्ही येणार नाहीत’. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांना विचारा आणि कोण काय म्हणतं ते लिहून ठेवा. आजी आणि ताई एकच म्हणतील, याची पैज मी लावणार नाही.